तापवलेलं लोखंड आखडतं कसं? अणूंची मोजणी आणि पॅकिंग फॅक्टरचा हिशेब

शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत भट्टीवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, लोखंड तापवलं की वाढतं का कमी होतं? उत्तर एकच मिळेल: वाढतं. ते बरोबरही आहे, फक्त एक ठिकाण सोडून. शुद्ध लोखंडाची लांब तार दोन खुंट्यांमध्ये बांधायची आणि तिच्यातून वीज सोडून ती तापवत न्यायची. तार आधी लाल होते, लांबते आणि मध्ये झोळ खाते. तापमान ९१२ अंश सेल्सिअसला पोचलं, की तोच झोळ अचानक थोडा वर उचलला जातो. उष्णता वाढतेच आहे, तरी तार आखडली. आणखी तापवली की ती पुन्हा लांबायला लागते.

त्या क्षणी तारेतला एकही अणू कुठे गेलेला नसतो. फक्त त्यांची रचना बदललेली असते. ९१२ अंशांच्या खाली लोखंडाचे अणू ज्या रचनेत बसलेले असतात तिला बीसीसी म्हणतात, वर गेल्यावर जी रचना होते तिला एफसीसी. बारावीच्या केमिस्ट्रीत आणि डिप्लोमाच्या मटेरियल सायन्समध्ये पोरं या दोन्हींचे आकडे घोकतात: बीसीसीत दोन अणू आणि ६८ टक्के भरणी, एफसीसीत चार अणू आणि ७४ टक्के भरणी. हे दोन, चार, ६८ आणि ७४ येतात कुठून, हे विचारलं की मात्र बहुतेक जण गप्प होतात. आकडेमोड शाळेच्या भूमितीपलीकडची नाही. तेव्हा लोखंडालाच हाताशी धरून ती करून बघू.

## आधी डबा ठरवू

धातूत अणू अस्ताव्यस्त पडलेले नसतात. ठरावीक अंतरावर एकच नमुना पुढे, बाजूला आणि वर पुन्हा पुन्हा येत राहतो. हा नमुना ज्या लहानशा घनाकृती डब्यात पुरा बसतो, त्या डब्याला युनिट सेल म्हणतात. असे डबे एकाला एक खेटून रचत गेलं की सगळा धातू तयार होतो. मधे फट राहत नाही आणि काही उरतही नाही.

लोखंडाच्या डब्याची बाजू साध्या तापमानाला २.८६६ अँगस्ट्रॉम असते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग. ही लांबी कुणी अंदाजाने ठरवलेली नाही. धातूवर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक कोनांतच परततात आणि त्या कोनांवरून अणूंच्या थरांमधलं अंतर काढता येतं. ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ च्या सुमारास ही रीत बसवली, आणि १९१७ मध्ये अल्बर्ट हल यांनी त्याच वाटेने लोखंडाची रचना बीसीसी असल्याचं दाखवलं.

आता दोन रचना. बीसीसी म्हणजे बॉडी-सेंटर्ड क्युबिक: डब्याच्या आठ कोपऱ्यांवर एकेक अणू आणि डब्याच्या बरोबर पोटात एक. एफसीसी म्हणजे फेस-सेंटर्ड क्युबिक: आठ कोपऱ्यांवर एकेक आणि सहा भिंतींपैकी प्रत्येकीच्या मध्यावर एकेक, पोटात मात्र कुणी नाही. साध्या तापमानाचं लोखंड, टंगस्टन, क्रोमियम बीसीसी. गुजरीतलं सोनं, हुपरीची चांदी, तांबं आणि ॲल्युमिनियम एफसीसी.

## "नऊ झाले की ओ काका"

माझा पुतण्या चित्रावर बोट ठेवून हेच म्हणाला होता. कोपऱ्यातले आठ, पोटातला एक, झाले नऊ. एफसीसीत आठ अधिक सहा, म्हणजे चौदा. चित्र बघून मोजणारा कुणीही हेच मोजेल, कारण पुस्तकातल्या चित्रात डबा एकटा काढलेला असतो आणि त्याचे शेजारी दिसत नाहीत.

चार शेतांचे बांध जिथे एकत्र येतात तिथे एक आंब्याचं झाड आहे असं धरा. चौघांनी आपापली झाडं मोजताना ते पूर्ण धरलं, तर शिवारात एकाच झाडाची चार झाडं होतील. म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला पाव झाड. दोनच शेतांच्या मधल्या बांधावर असेल तर अर्धं, आणि शेताच्या मधोमध असेल तर ते सगळं एकाचंच. डब्यांचंही तसंच आहे, फक्त ते जमिनीवर पसरलेले असतात तसे वरही चढवलेले असतात. त्यामुळे कोपऱ्यावर खालचे चार आणि वरचे चार असे आठ डबे एकत्र येतात. कोपऱ्यातल्या अणूचा आठवा हिस्सा एका डब्याचा. भिंतीच्या मध्यावरचा अणू दोन डब्यांत सामाईक, म्हणून अर्धा. पोटातला अणू पूर्ण.

बीसीसीचा हिशेब मग असा: आठ कोपरे गुणिले एक अष्टमांश, म्हणजे एक अणू, अधिक पोटातला एक. एकूण दोन. एफसीसीत कोपऱ्यांचा एकच, अधिक सहा भिंती गुणिले अर्धा म्हणजे तीन. एकूण चार.

## पण अणू कापता येतो का?

हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारतोच, आणि तो रास्त आहे. अणू कापलेला नाही, फक्त वाटणी मांडली आहे. वाटणी पटत नसेल तर दुसरी रीत बघा. डबा आहे तिथून किंचित सरकवा, थोडा उजवीकडे, थोडा मागे, थोडा वर, म्हणजे एकाही अणूचं केंद्र डब्याच्या कडेवर किंवा भिंतीवर राहणार नाही. अणू जागचे हलवायचे नाहीत, फक्त डबा हलवायचा.

बीसीसीत असं केलं की आठ कोपऱ्यांपैकी एकच अणू आत येतो आणि उरलेले सात बाहेर पडतात. पोटातला आतच राहतो. केंद्रं मोजली तर दोन. एफसीसीत कोपऱ्यातला एक आत येतो. समोरासमोरच्या भिंतींच्या प्रत्येक जोडीतला एक आत, एक बाहेर, म्हणजे तीन जोड्यांचे तीन. एकूण चार. अपूर्णांक न वापरताही तेच उत्तर आलं. मला ही रीत वाटणीपेक्षा जास्त आवडते, कारण हिच्यावर शंका घ्यायला जागाच उरत नाही.

## मोजणी खरी आहे हे वजनकाट्यावर कळतं

आकडा बरोबर आला की नाही हे तपासायला उत्तरपत्रिका नको, घनता पुरेल. लोखंडाच्या एका अणूचं वजन ९.२७ × १०⁻²³ ग्रॅम. डब्यात दोन अणू, म्हणजे डब्याचं वजन १८.५५ × १०⁻²³ ग्रॅम. डब्याचं घनफळ २.८६६ चा घन, म्हणजे २३.५४ घन अँगस्ट्रॉम. सेंटीमीटरमध्ये बदललं तर २.३५४ × १०⁻²³ घन सेंटीमीटर. वजनाला घनफळाने भागा: ७.८८ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. शुद्ध लोखंडाची मोजलेली घनता ७.८७ आहे. क्ष-किरणांनी काढलेली लांबी आणि काट्यावरचं वजन या दोन अगदी वेगळ्या मोजण्या आहेत, आणि मधे 'दोन' हा आकडा ठेवला तरच त्या जुळतात.

नऊ अणू धरले असते तर घनता ३५ च्या वर गेली असती. सगळ्यात जड धातू ऑस्मियम, त्याचीसुद्धा २२.६ च्या आसपास आहे. उत्तरात असा आकडा दिसला की मोजणीत शेजाऱ्यांचा वाटा विसरला आहे, हे लगेच ओळखावं.

चांदीवरही हाच पडताळा चालतो. तिच्या डब्याची बाजू ४.०८६ अँगस्ट्रॉम, एका अणूचं वजन १७.९१ × १०⁻²³ ग्रॅम. चार अणू धरून घनता येते १०.५०. शुद्ध चांदीची मोजलेली घनता १०.४९.

फौंड्रीतला माणूस इथे हटकून अडवणार: आमचं कास्टिंग तर ७.२ च्या आसपास भरतं, मग तुमचं ७.८८ कुठलं? दोन्ही खरं आहे. ग्रे कास्ट आयर्नमध्ये कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात वेगळा पडलेला असतो, आणि ग्रॅफाइटची घनता जेमतेम २.२. ते हलकं द्रव्य मधे मिसळल्यामुळे सगळ्या तुकड्याची घनता खाली येते. डब्याचा हिशेब फक्त लोखंडाच्या स्फटिकापुरता आहे. मधला ग्रॅफाइट, पोकळ्या आणि ब्लो होल यांना त्यात जागा नाही.

## गोळे नेमके कुठे टेकतात?

आता दुसरा प्रश्न. डब्यातली किती जागा अणूंनी व्यापली आहे आणि किती रिकामी आहे? व्यापलेल्या जागेचं डब्याच्या घनफळाशी असलेलं प्रमाण म्हणजे ॲटॉमिक पॅकिंग फॅक्टर. त्यासाठी अणू हे एकसारखे, टणक, गोल गोळे आहेत आणि शेजारचे गोळे एकमेकांना टेकलेले आहेत असं धरतात. हे धरणं किती खरं आहे ते पुढे येईलच. तूर्त धरून चालू.

सगळा हिशेब एका गोष्टीवर अडतो: गोळे कुठे टेकतात? पोरं इथेच घसरतात. चित्रात शेजारचे दोन कोपरे जवळ दिसतात, म्हणून डब्याची बाजू म्हणजे दोन त्रिज्या असं धरून मोकळी होतात.

बीसीसीत कोपऱ्यातले गोळे एकमेकांना टेकत नाहीत. पोटातला गोळा त्यांना बाहेर ढकलून ठेवतो. तो स्वतः मात्र आठही कोपऱ्यांना टेकलेला असतो. म्हणजे एका कोपऱ्यातून निघून डब्याच्या पोटातून थेट समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या रेषेवर गोळे सलग टेकलेले असतात. या रेषेवर कोपऱ्यातल्या गोळ्याची एक त्रिज्या, मधल्या गोळ्याचा पूर्ण व्यास म्हणजे दोन त्रिज्या, आणि समोरच्या कोपऱ्याची एक त्रिज्या. एकूण चार. घनाच्या या आतल्या कर्णाची लांबी पायथागोरस दोनदा लावून येते √३ गुणिले बाजू. म्हणून:

√३ × बाजू = ४ × त्रिज्या

लोखंडाचे आकडे घालून बघू. १.७३२ गुणिले २.८६६ म्हणजे ४.९६४. चौथा भाग १.२४१ अँगस्ट्रॉम, ही अणूची त्रिज्या. आता डब्याच्या कडेवर दोन कोपऱ्यांचे गोळे बघा. केंद्रांमधलं अंतर २.८६६, दोघांच्या त्रिज्या मिळून २.४८२. मधे ०.३८४ अँगस्ट्रॉमची फट आहे. कडेवर गोळे टेकत नाहीत ते हे असं आकड्यात दिसतं.

एफसीसीत पोटात कुणी नाही, त्यामुळे आतल्या कर्णावर मोठी पोकळी आहे. तिथे गोळे भिंतीवर टेकतात. भिंतीच्या मध्यावरचा गोळा त्याच भिंतीच्या चार कोपऱ्यांना टेकतो. भिंतीचा कर्ण √२ गुणिले बाजू, आणि त्यावरही एक, दोन, एक अशा चारच त्रिज्या:

√२ × बाजू = ४ × त्रिज्या

## ६८ आणि ७४ चा हिशेब

त्रिज्या किती आहे याने फरक पडत नाही, तेव्हा ती १ धरू. त्रिज्या १ असलेल्या गोळ्याचं घनफळ ४π/३, म्हणजे ४.१८९.

बीसीसी: डब्याची बाजू ४ भागिले १.७३२, म्हणजे २.३०९. तिचा घन १२.३२. आत दोन गोळे, त्यांचं घनफळ ८.३८. भागाकार ०.६८.

एफसीसी: बाजू ४ भागिले १.४१४, म्हणजे २.८२८. तिचा घन २२.६३. आत चार गोळे, घनफळ १६.७६. भागाकार ०.७४.

संपला हिशेब. चुकीच्या वाटेने गेलात तर काय होतं तेही बघण्यासारखं आहे. बीसीसीत बाजू दोन त्रिज्यांएवढी धरली, तर फॅक्टर येतो १.०५. म्हणजे डब्यात डब्यापेक्षा जास्त माल! एफसीसीत चुकून आतला कर्ण लावला तर १.३६. फॅक्टर एकच्या वर गेला की टेकण्याची जागा चुकली, यात शंका नाही. धोकादायक चूक ती, जी एकच्या खाली राहते: बीसीसीला भिंतीचा कर्ण लावला तर ०.३७ येतं, आणि ते उत्तर पेपरात सहज खपून जातं. त्याची खूण अशी की साधा डबा, ज्यात फक्त कोपऱ्यांवर गोळे आणि पोट रिकामं, त्याचाही फॅक्टर ०.५२ आहे. पोटात गोळा घातल्यावर भरणी त्याहून कमी कशी होईल?

०.७४ हा आकडा आणखी एका कारणाने लक्षात ठेवावा. एकसारखे गोळे कसेही रचले तरी यापेक्षा दाट बसत नाहीत, असं केप्लरने १६११ मध्ये म्हटलं होतं. ते सिद्ध करायला चारशे वर्षं लागली म्हटलं तरी चालेल: थॉमस हेल्स यांनी संगणकाच्या मदतीने १९९८ मध्ये सिद्धता मांडली, आणि तिची काटेकोर तपासणी २०१४ मध्ये पुरी झाली.

## मग जास्त फॅक्टर म्हणजे जड धातू?

नाही. त्रिज्या कितीही असो, ती हिशेबातून निघून जाते हे वर पाहिलं. अणू लहान असो वा मोठा, हलका असो वा जड, रचना एफसीसी असेल तर फॅक्टर ०.७४ च. गुजरीतल्या सोन्याची घनता १९.३, घरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याची २.७, आणि दोघांची भरणी अगदी सारखी. उलट टंगस्टन बीसीसी, म्हणजे ०.६८ वाला, तरी घनता सोन्याएवढी. एका अणूचं वजन किती आणि तो किती जागा घेतो यावर घनता ठरते. पॅकिंग फॅक्टर फक्त रचनेबद्दल सांगतो. त्यामुळे दोन वेगळ्या धातूंची तुलना त्यावरून करू नये. तुलना करायचीच तर एकाच धातूच्या दोन रचनांची करावी, आणि तिथेच लोखंड कामाला येतं.

## तार मग ८ टक्के का नाही आखडत?

९१२ अंशांना ०.६८ ची भरणी ०.७४ होते. गोळे तेच, तेवढेच, फक्त दाट बसले. हिशेबाप्रमाणे घनफळ ०.६८० भागिले ०.७४० एवढं व्हायला हवं, म्हणजे सुमारे ८ टक्क्यांनी कमी. प्रत्यक्षात ते फक्त १ टक्क्याच्या आसपास कमी होतं. घनफळातला १ टक्का म्हणजे लांबीत साधारण एक तृतीयांश टक्का, मीटरभर तारेत तीन-साडेतीन मिलिमीटर. झोळ वर आलेला डोळ्यांना दिसतो तो एवढ्यामुळे.

उरलेले सात टक्के गेले कुठे, हे बघायला त्या तापमानाच्या डब्यांची मापं घेऊ. ९१२ अंशांना बीसीसी लोखंडाच्या डब्याची बाजू सुमारे २.९०४ अँगस्ट्रॉम, त्यात दोन अणू. एफसीसीची ३.६४७, त्यात चार. घन करून अणूंच्या संख्येने भागा. बीसीसीत एका अणूच्या वाट्याला १२.२५ घन अँगस्ट्रॉम जागा येते, एफसीसीत १२.१३. फरक एक टक्का, आणि तो बरोबर तारेशी जुळतो. लक्षात घ्या, ही तुलना फक्त अणूंची संख्या नीट मोजली म्हणून करता आली. दोन आणि चार हे आकडे चुकले असते तर हा फरक हाती लागलाच नसता.

आता त्रिज्या काढा. बीसीसीत येते १.२५७, एफसीसीत १.२८९. म्हणजे रचना बदलताना अणू स्वतःच अडीच टक्क्यांनी फुगला! टणक गोळ्याला असं करता येणार नाही. इथे आपलं सुरुवातीचं गृहीतक उघडं पडतं. अणूला कडक कवच नसतं. शेजाऱ्याशी किती अंतर राखायचं हे शेजारी किती आहेत त्यावर ठरतं. बीसीसीत प्रत्येक अणूला टेकलेले शेजारी आठ, एफसीसीत बारा. बंध जास्त जणांत वाटला गेला की प्रत्येक बंध थोडा सैल पडतो आणि अंतर थोडं वाढतं.

म्हणून मी पोरांना सांगतो की अणूंची संख्या ही वस्तुस्थिती आहे, ती काट्यावर तपासता येते. पॅकिंग फॅक्टर हे एका सोयीच्या कल्पनेचं माप आहे. रचना दाट की विरळ हे तो बरोबर सांगतो, किती टक्के आखडेल हे मात्र त्याला विचारायचं नाही.

## दाट रचनेत कार्बन जास्त कसा मावतो?

ही शेवटची शंका, आणि आपल्याकडच्या हीट ट्रीटमेंटचा सगळा धंदा हिच्यावर उभा आहे. पोलादात कार्बनचे लहान अणू लोखंडाच्या अणूंमधल्या भोकांत बसतात. बीसीसीत ३२ टक्के जागा रिकामी, एफसीसीत २६. कुणीही म्हणेल की कार्बन बीसीसीत जास्त मावायला हवा. प्रत्यक्षात एफसीसी लोखंडात वजनाच्या २.१ टक्क्यांपर्यंत कार्बन विरघळतो, आणि बीसीसीत जास्तीत जास्त ०.०२ टक्के. शंभरपट फरक, तोही उलट्या दिशेने.

कारण एकूण रिकामी जागा किती यापेक्षा एकेक भोक केवढं हे महत्त्वाचं. एफसीसी डब्याच्या पोटात कुणी नाही, तिथेच सगळ्यात मोठं भोक. केंद्रापासून भिंतीच्या मध्यावरचा गोळा अर्ध्या बाजूइतका दूर, म्हणजे १.४१४ त्रिज्या. त्यातली एक त्रिज्या गोळ्याची. उरली ०.४१४. लोखंडासाठी हे भोक सुमारे ०.५३ अँगस्ट्रॉम त्रिज्येचं. बीसीसीत रिकामी जागा जास्त असली तरी ती बारीक बारीक भोकांत विखुरलेली असते. कार्बन जिथे जाऊन बसतो ते भिंतीच्या मध्यावरचं भोक मोजा: अर्धी बाजू १.१५५ त्रिज्या, वजा एक, उरली ०.१५५. लोखंडात जेमतेम ०.१९ अँगस्ट्रॉम. कार्बनची स्वतःची त्रिज्या ०.७७ च्या आसपास, म्हणजे दाटीवाटी दोन्हीकडे होतेच, पण बीसीसीत तो शिरूच शकत नाही म्हटलं तरी चालेल.

गिअरला कार्ब्युराइझिंग करताना भट्टी ९०० ते ९५० अंशांवर धरतात ती यासाठी. त्या तापमानाला पोलाद एफसीसीत गेलेलं असतं आणि कार्बनला आत शिरायला भोकं मोठी मिळतात. कार्बनमुळे रचना बदलण्याचं तापमान ९१२ पेक्षा खाली उतरतं, त्यामुळे एवढी उष्णता पुरते. मग जॉब भट्टीतून काढून तेलात किंवा पाण्यात बुडवला, म्हणजे लोहाराच्या भाषेत पाणी दिलं, की लोखंड घाईघाईने बीसीसीकडे परतायला बघतं. कार्बनला मात्र बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो बारीक भोकात अडकतो आणि डब्याला एका बाजूने ताणून लांबट करतो. या ताणलेल्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात, आणि गिअरच्या दाताला कडकपणा येतो तो तिच्यामुळे.

जॉब तडकतो तोही याच हिशेबाने. एफसीसीतून परतताना एका अणूच्या वाट्याची जागा वाढते, हे वर १२.१३ आणि १२.२५ मध्ये दिसलं. अडकलेला कार्बन ती आणखी वाढवतो. म्हणजे जॉब थंड होताना एका टप्प्यावर आखडण्याऐवजी फुगतो. सगळीकडे एकदम फुगला असता तर अडचण नव्हती. पण पृष्ठभाग आधी थंड होतो, आधी फुगतो आणि कडक होऊन बसतो. नंतर गाभ्याची पाळी येते, आणि तो आतून रेटायला लागतो तेव्हा बाहेरचा भाग हटायला तयार नसतो. जाड आणि पातळ भाग जिथे मिळतात तिथे, किंवा चावीच्या खाचेच्या टोकदार कोपऱ्यात, ताण साचतो आणि तिथूनच चीर सुटते. म्हणूनच ड्रॉइंगवर अशा कोपऱ्यांना गोलाई दिलेली असते, आणि जाडजूड जॉबला पाण्याऐवजी तेल वापरतात.